चांदण्या का उरतात? व्हॉट्सॲपवरील ठळक अक्षरे, तिरपी अक्षरे आणि याद्या

मंजिरी:

आमच्या 64 सदनिकांच्या सोसायटीची सचिव म्हणून मी काल गटावर वार्षिक सभेची सूचना टाकली. महत्त्वाचे शब्द ठळक दिसावेत म्हणून दोन्ही बाजूंना तारका घातल्या होत्या. प्रत्यक्षात शब्द साधेच राहिले आणि तारका मात्र जागोजागी दिसू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी फोन करून विचारले, "ज्यांच्यापुढे चांदणी आहे, त्यांची थकबाकी आहे असे समजायचे का?" मी जे टंकले होते ते जसेच्या तसे खाली देत आहे.

```
*सूचना *
*वार्षिक सभे*ला सर्वांनी यावे.
**रविवार, 28 सप्टेंबर, सकाळी 10**
*सभेपूर्वी थकबाकी भरावी,
पावती सोबत आणावी.*
स्थळ: गच्ची*
* पाऊस आल्यास तळमजल्यावर
_सचिव, व्यवस्थापन समिती_
```

गंमत म्हणजे शेवटच्या ओळीतल्या खालच्या रेघा नीट नाहीशा झाल्या, आणि "पाऊस आल्यास" या ओळीपुढच्या तारकेचा आपोआप काळा ठिपका झाला. म्हणजे जिथे तारका हवी होती तिथे ती गेली आणि जिथे नको होती तिथे ती उरली. एकाच संदेशात इतक्या तऱ्हा कशा होतात, हे कोणी सांगेल का?

गच्चीवरचा:

रात्री आठ वाजता सूचना टाकली असेल, तर चांदण्या दिसणारच.

विनायकदा:

सोपे आहे, ताई. तुमचे ॲप जुने आहे. ते अद्ययावत करा आणि सभासदांनाही करायला सांगा, सगळे ठीक होईल. माझ्या भाच्याच्या फोनवर याद्या दिसत नव्हत्या, ॲप अद्ययावत केल्यावर लगेच दिसू लागल्या.

तळटीप:

विनायकदा, याद्यांच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे, कारण ठिपक्यांच्या याद्या, आकड्यांच्या याद्या आणि अवतरणाची उभी रेघ ही सोय फेब्रुवारी 2024 मध्ये आली. त्याआधीचे ॲप ज्याच्याकडे असेल, त्याला ओळीच्या सुरुवातीची आडवी रेघ तशीच दिसते. पण ठळक, तिरपी आणि खोडलेली अक्षरे 2016 पासून आहेत. मंजिरीताईंच्या तारका उरण्याचा ॲपच्या वयाशी काही संबंध नाही, त्या लिहिण्यातच अडकल्या आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. व्हॉट्सॲपवर ठळकपणा वेगळा पाठवला जात नाही. आपण टंकलेल्या तारका मजकुराचा भाग म्हणूनच समोरच्याच्या फोनवर पोहोचतात, आणि त्याचे ॲप त्या तारका पाहून, त्या नियमात बसतात की नाही हे तपासून, मग त्या लपवते आणि मधले शब्द ठळक रंगवते. नियमात बसल्या नाहीत तर ॲप त्यांना साधी अक्षरे समजते आणि दाखवून मोकळे होते. आपल्याला "चूक" वाटणारी तारका म्हणजे जिला जोडीदार सापडला नाही अशी तारका.

तुमच्या पहिल्या ओळीत शेवटच्या तारकेआधी एक मोकळी जागा आहे. सुरुवातीच्या तारकेला पुढचे अक्षर लगेच चिकटलेले असावे लागते आणि शेवटच्या तारकेला मागचे अक्षर. मध्ये जागा आली की जोडी जुळत नाही. ही जागा तुम्ही मुद्दाम सोडली नसणार, कीबोर्डने सोडली असणार. "सूच" टंकले की वरच्या पट्टीत "सूचना" असा शब्द सुचतो, त्यावर बोट ठेवले की कीबोर्ड पूर्ण शब्द घालतो आणि पुढे एक जागाही सोडतो. पुढे पूर्णविराम दिला तर माझा कीबोर्ड ती जागा परत घेतो, पण तारका दिली तर घेत नाही.

मंजिरी:

तळटीप, अगदी असेच झाले असावे. मी नेहमी सुचवलेल्या शब्दावरच बोट ठेवते. आता पाहिले तर "सूचना" आणि तारका यांच्यामध्ये खरोखरच केसाएवढी फट आहे. संदेश पाठवण्याआधी हे ओळखता येते का?

तळटीप:

येते. लिहिण्याच्या चौकटीतच शेवटची तारका टंकल्याबरोबर शब्द ठळक झालेला दिसतो. तो तिथे ठळक झाला नाही, तर पाठवल्यावर होईल अशी आशा धरू नये. शब्द साधाच राहिला की तारकेच्या अलीकडची जागा खोडायची, बहुतेक वेळा काम तेवढ्यावर भागते. तारका मोजण्याचा त्रास नको असेल, तर शब्द निवडून पर्यायांतून ठळक करता येतो. अँड्रॉइडवर शब्द दाबून धरला की तीन ठिपक्यांच्या यादीत आणि आयफोनवर `Format` खाली हे पर्याय सापडतात. तरीही आत टंकल्या जातात त्या तारकाच, त्यामुळे पुढे शब्दाला काही चिकटवायला गेलात तर नियम तोच लागू होतो.

मोरपीस:

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझे लक्ष दुसऱ्या ओळीकडे गेले. तिथे मंजिरीताईंनी "सभे" इथपर्यंत ठळक केले आहे आणि "ला" तारकेच्या बाहेर ठेवला आहे. पालकांच्या गटावर मीही वर्षभर हीच चूक करत होते. मुलांना विभक्ती शिकवताना मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे दाखवण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे नाव ठळक करावे आणि प्रत्यय बाहेर राहू द्यावा असे हात आपोआप करतात. तारकेनंतर लगेच अक्षर आले की ॲप तिला शेवटची तारका मानत नाही. प्रत्ययासकट सगळा शब्द तारकांच्या आत घेतला की तक्रार राहत नाही.

```
*वार्षिक सभे*ला    (तारका उरतात)
*वार्षिक सभेला*    (ठळक होते)
```

इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे "ला", "चे", "मध्ये" यांचे काम करणारे शब्द सुटे असतात. आपल्याकडे "पुण्याला", "शनिवारी", "गणेशोत्सवानिमित्त" असे सगळे चिकटून येते. माझा एक संदेश "*सहली*साठी *शंभर रुपये*च आणावेत" असा गेला होता आणि त्यातल्या चारही तारका पालकांनी पाहिल्या.

गच्चीवरचा:

म्हणजे ॲपला विभक्ती येत नाही, पण विभक्त कुटुंब चालत नाही.

तळटीप:

मोरपीस यांनी अचूक सांगितले, आणि या नियमाला कारणही आहे. तारकेच्या बाहेरच्या बाजूला अक्षर किंवा आकडा असेल तर ती खूण नाही असे धरल्यामुळे 5*4*3 हा गुणाकार ठळक होत नाही आणि hishob_2024_antim अशा नावाच्या फाइलमधल्या रेघा जागेवर राहतात. नियम नसता तर निम्मे हिशेब तिरपे झाले असते. बाहेरच्या बाजूला विरामचिन्ह, जागा किंवा ओळीचा शेवट असला तर हरकत नाही. म्हणून "*सभा*," चालते, "(*सभा*)" चालते आणि कोणाला मूळ शब्दच ठळक करायचा असेल तर मध्ये छोटी रेघ घालून "*सभे*-ला" असे लिहिले तरी चालते, फक्त ते डोळ्यांना बरे दिसत नाही.

हिशेबनीस:

मला इथे थोडी शंका आहे. मी आत्ताच स्वतःलाच संदेश पाठवून "*पुणे*ला" आणि "*सभे*ला" असे दोन्ही लिहून पाहिले. फोनवर तारका उरल्या, पण माझ्या भावाच्या फोनवर त्यातला एक शब्द ठळक दिसला असे तो म्हणतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरानंतर स्वतंत्रपणे साठवली जातात, त्यामुळे "अक्षर कशाला म्हणायचे" याचे उत्तर प्रत्येक ॲपच्या आवृत्तीत सारखे नसावे. तुम्ही सांगितलेला नियम सगळ्या फोनांना लागू आहे, असे ठामपणे म्हणता येईल का?

तळटीप:

असे ठामपणे मी म्हणणार नाही. भावाच्या फोनवरचे चित्र पाठवलेत तर बरे होईल. पण सूचना लिहिणाऱ्याने सर्वांत हट्टी फोन गृहीत धरावा. प्रत्यय आत घेतला तर दोन्ही फोनांवर नीट दिसते, बाहेर ठेवला तर नशिबावर अवलंबून.

हिशेबनीस:

भाऊ म्हणतो की चित्र रात्री पाठवतो. तो असेच म्हणतो.

कमल देशपांडे काकू:

माझाही हाच त्रास आहे. माझ्या भाचीने "शुभ प्रभात" सोबत इंग्रजीत वळणदार, जाड अक्षरांत काही तरी पाठवले होते, पण मला नुसते चौकोन दिसले. मी तारका काढून पाहिल्या, तरी चौकोनच.

नागपूरचा नातू:

काकू, ते प्रकरण वेगळे आहे. तुमच्या भाचीने तारका वापरलेल्याच नाहीत. "सुंदर फॉन्ट" देणारी जी संकेतस्थळे असतात, ती साध्या A च्या जागी गणितात वापरायचा जाड A घालून देतात. ते वेगळेच चिन्ह असते, ठळक केलेले अक्षर नव्हे. ज्या फोनमध्ये त्या चिन्हाचे चित्र नसते तिथे चौकोन येतो, आणि असा शब्द गटात शोधू गेल्यावरही बहुधा सापडत नाही. देवनागरीसाठी असा संच नाहीच, म्हणून मराठी मजकुराला तो उपाय लागू पडत नाही.

मंजिरीताईंच्या तिसऱ्या ओळीत दुहेरी तारका आहेत, त्यावर अजून कोणी बोलले नाही. ताई, ती ओळ तुम्ही कुठून तरी उतरवून घेतली आहे का?

मंजिरी:

हो, मुलाने त्याच्या टिपणवहीच्या ॲपमधून तारीख आणि वेळ मला पाठवली होती, तीच मी चिकटवली. त्याच्या ॲपमध्ये ती ठळक दिसत होती.

नागपूरचा नातू:

मग उलगडा झाला. संगणकावर काम करणारे लोक मार्कडाउन नावाची लेखनपद्धत वापरतात. जॉन ग्रुबर यांनी ती 2004 मध्ये आणली. त्या पद्धतीत दोन तारका म्हणजे ठळक आणि एक तारका म्हणजे तिरपे. व्हॉट्सॲपने एक तारका ठळकसाठी आणि खालची रेघ तिरप्यासाठी घेतली. दोघांची लिपी जवळजवळ सारखी दिसते, पण व्याकरण वेगळे आहे. त्यामुळे दुहेरी तारकांचा मजकूर इथे चिकटवला की आतला भाग ठळक झाला तरी एकेक तारका बाहेर लटकत राहते. त्याच पद्धतीत मथळ्यासाठी ओळीच्या सुरुवातीला # लिहितात आणि दुव्यासाठी चौकोनी कंस वापरतात, व्हॉट्सॲपला यांतले काहीच कळत नाही, त्यामुळे तेही जसेच्या तसे दिसते.

अशा ठिकाणाहून मजकूर आणला की आधी दुहेरी तारका शोधून प्रत्येकी एक खोडावी, आणि # काढून ती ओळ एकेरी तारकांत घालावी. मी ऑफिसच्या टिपणांवर रोज हेच करतो.

विनायकदा:

म्हणजे मुलाने दिलेले होते तेही चुकले आणि आईने लिहिलेले तेही चुकले, पण चूक वेगवेगळी. माझे अद्ययावत करण्याचे मत मी अर्धे मागे घेतो.

तळटीप:

अर्धे ठेवा, ते यादीसाठी लागेल.

चौथी आणि पाचवी ओळ पाहू. "सभेपूर्वी" च्या आधी एक तारका आहे आणि तिचा जोडीदार पुढच्या ओळीच्या शेवटी आहे. ठळक, तिरपे आणि खोडलेले, या तिन्ही खुणा ओळ ओलांडत नाहीत. ओळ संपली की ॲप जोडीदार शोधणे सोडते, त्यामुळे वरची तारका एकटी पडते आणि खालचीही एकटी पडते. मजकूर चौकटीत मावत नाही म्हणून फोन स्वतः तो खालच्या ओळीत नेतो, ते वेगळे. तिथे काही बिघडत नाही. आपण एंटर दाबून ओळ मोडली की मात्र प्रत्येक ओळीला स्वतःची जोडी द्यावी लागते. तीन बॅकटिकांचा मजकूर तेवढा अनेक ओळींचा असला तरी एकत्र राहतो.

मोरपीस:

संगणकावरून लिहिताना तर नुसते एंटर दाबले की अर्धी सूचनाच निघून जाते. शिफ्ट धरून एंटर दाबावे लागते, हे मला तीन अर्धवट संदेश गेल्यानंतर कळले.

शरयू:

मी नवीन सदस्य आहे, चुकले तर सांगा. तीन बॅकटिक म्हणजे तीन एकेरी अवतरणचिन्हेच ना? मी तशी दोन्हीकडे तीन-तीन घातली, पण अक्षरे काही बदलली नाहीत.

नागपूरचा नातू:

शरयूताई, दिसायला जवळचे असले तरी ते वेगळे चिन्ह आहे. बॅकटिक डावीकडे झुकलेले असते. संगणकावर ते बहुधा 1 या आकड्याच्या डावीकडच्या कळीवर असते, आणि आयफोनवर अवतरणचिन्हाची कळ दाबून धरली की वर येणाऱ्या पट्टीत मिळते. फरक असा दिसेल:

````
'''थकबाकी 4500'''   (काही होत नाही)
```थकबाकी 4500```   (समान रुंदीची अक्षरे)
````

कोणाला तारका कशा लिहायच्या हे व्हॉट्सॲपवरच शिकवायचे असेल तर बॅकटिक फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्या आत लिहिलेल्या तारका ॲप तशाच दाखवते. इतर ठिकाणी तिरपी रेघ घालून खूण निष्प्रभ करता येते, इथे ती सोय नाही.

शरयू:

आता जमले. आईला "*असे* लिही" म्हणून सांगत होते आणि तिला नुसते ठळक "असे" दिसत होते, म्हणून ती विचारत होती की कसे लिहू.

जोगळेकर सर:

मी सेवानिवृत्त मुद्रितशोधक आहे. मला एक मूलभूत प्रश्न पडतो. आठ ओळींच्या सूचनेत पाच ओळी ठळक असतील तर वाचकाचे लक्ष नेमके कुठे जावे? छापखान्यात आम्ही एका नोटिशीत मथळा आणि तारीख सोडून काही ठळक करू देत नव्हतो. तिरप्या अक्षरांबद्दल तर बोलूच नये. देवनागरीच्या बहुतेक टंकांत तिरप्या अक्षरांचा स्वतंत्र संच काढलेलाच नसतो, सरळ अक्षर ओढून कलते केलेले असते आणि त्यात शिरोरेघेची दशा होते. माझ्या फोनवर खालच्या रेघा नाहीशा होतात, पण मराठी शब्द सरळच राहतो, म्हणजे खूण लागू झाली की नाही हेच कळत नाही. तारका उरण्याचा त्रास नको असेल तर कमी तारका वापराव्यात, हा उपाय कोणी सांगितला नाही.

मंजिरी:

सर, तिरप्याबद्दल तुमचे म्हणणे पटले, शेवटच्या ओळीतल्या रेघा मी काढूनच टाकते. पण तारीख, वेळ आणि थकबाकी या तिन्ही गोष्टी ठळक नसतील तर आमच्याकडे "आम्हाला सांगितलेच नाही" असे ऐकावे लागते, तेव्हा तिथे मी हटणार नाही.

जोगळेकर सर:

थकबाकीवर हटू नका, ते योग्यच आहे.

तळटीप:

राहिली ती ठिपक्याची गंमत. मंजिरीताईंनी "गच्ची" नंतर तारका देऊन खाली तारकेची तळटीप दिली होती, माझ्या नावाला शोभेल अशी. 2024 पूर्वी ती तशीच दिसली असती. आता ओळीच्या सुरुवातीला तारका किंवा आडवी रेघ आणि नंतर एक जागा आली की ॲप त्या ओळीला यादीतला मुद्दा समजते आणि खुणेच्या जागी ठिपका ठेवते. म्हणून वरची तारका एकटी राहिली आणि खाली तिचा पत्ता लागेना. "* अटी लागू" असे लिहिणाऱ्या दुकानदारांचीही हीच गत होते. तारका आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडली नाही तर ठिपका होत नाही, पण त्याहून सरळ म्हणजे "टीप:" असे शब्दातच लिहावे.

आकड्यांची यादी हवी असेल तर आकडा, टिंब आणि एक जागा असा क्रम लागतो. टिंबानंतर जागा सोडली नाही तर यादी होत नाही. फोनवर पहिला मुद्दा लिहून एंटर दाबले की पुढचा आकडा आपोआप येतो, यादी संपवायची असेल तेव्हा रिकाम्या मुद्द्यावर पुन्हा एकदा एंटर दाबावे.

मोरपीस:

मी "१." असा देवनागरी आकडा लिहिते, तेव्हा माझ्या फोनवर आपोआप यादी होत नाही. मला ते उलट बरे वाटते, कारण मी लिहिलेले तसेच राहते आणि जुन्या फोनवरही तसेच दिसते.

विनायकदा:

माझ्याही फोनवर होत नाही. पण यावर मी आता ठामपणे काही बोलत नाही.

मंजिरी:

सर्वांचे सांगणे धरून मी सूचना पुन्हा लिहिली आहे. पाठवून 15 मिनिटे झाली नसतील तर संदेश दाबून धरून `Edit` करता येतो हे मला माहीत होते, पण कालच्या सूचनेला तासही उलटून गेला होता, त्यामुळे नवीनच पाठवावी लागली.

```
*सूचना*
*वार्षिक सभेला* सर्वांनी यावे.
*रविवार, 28 सप्टेंबर, सकाळी 10*
स्थळ: गच्ची
टीप: पाऊस आल्यास तळमजल्यावर.
*सभेपूर्वी थकबाकी भरावी.*
पावती सोबत आणावी.
सचिव, व्यवस्थापन समिती
```

लिहिण्याच्या चौकटीत चारही ठिकाणी अक्षरे ठळक झालेली पाहूनच पाठवली. गटावर एकही तारका दिसली नाही.

गच्चीवरचा:

अभिनंदन. आजोबांचा फोन आला का?

मंजिरी:

आला. गटावरची सूचना आमच्या व्यवस्थापकांनी फोनवर कॉपी केली, संगणकावर चिकटवली, छापली आणि उद्वाहनाशेजारच्या फलकावर लावली. आठ तारका जशाच्या तशा कागदावर आल्या आहेत आणि आजोबांनी थकबाकीच्या ओळीपुढच्या तारकेवर बोट ठेवून मला विचारले आहे.

तळटीप:

हे व्हायचेच होते. फोनवरून संदेश कॉपी केला की त्यात तारकांसकट मूळ मजकूर येतो, आणि छपाईच्या कार्यक्रमाला व्हॉट्सॲपच्या खुणांशी देणेघेणे नसते. गप्पा निर्यात करून मिळणाऱ्या फाइलमध्येही असेच असते. फलकासाठी तारका काढून तिथेच ठळक करायला सांगा.

हिशेबनीस:

भावाचे चित्र अखेर आले. "सभे" ठळक नाही, "पुणे" ठळक आहे असे मला वाटते, पण त्याने फोन इतका लांब धरला आहे की तारका आहेत की काचेवरचे डाग, हे सांगता येत नाही. पुन्हा मागवतो.